नगाचा हिशोब, वजनाचा हिशोब

सांगलीतील हळदीच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरी अण्णांच्या रक्तातील साखर वाढली, तेव्हा आहारतज्ज्ञांनी दुपारच्या चहाबरोबरच्या खाण्याला १५० कॅलरींची मर्यादा घालून दिली. अण्णा शिस्तीचे. परंतु बिस्किटांच्या पुड्यावर एवढेच छापलेले होते : निव्वळ वजन ७५ ग्रॅम, संपूर्ण पुड्यातील ऊर्जा ३६० किलोकॅलरी. एका बिस्किटाचा आकडा कोठेच नव्हता. त्यामुळे ते कधी तीन खात, कधी सहा.

वेष्टनावरील किलोकॅलरी म्हणजेच बोलण्यातील कॅलरी. त्यात गुणाकार करावा लागत नाही. पुड्यात १० बिस्किटे निघाली, म्हणून ३६० भागिले १०, एका बिस्किटाच्या ३६ कॅलरी. चार बिस्किटांच्या १४४ झाल्या आणि मर्यादेत बसल्या. सहाच्या मात्र २१६ होत होत्या.

भागाकार करण्यापूर्वी छापलेला आकडा खरोखर संपूर्ण पुड्याचा आहे का, हे सूनबाईंनी पाहिले. आपल्याकडील बहुतेक वेष्टनांवर १०० ग्रॅमचा आकडा असतो आणि घाईत एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. पडताळा सोपा आहे : ऊर्जेला निव्वळ वजनाने भागावे. ३६० भागिले ७५ म्हणजे ग्रॅममागे ४.८ कॅलरी. पिष्ट, साखर आणि प्रथिने ग्रॅमला सुमारे ४ कॅलरी देतात, स्निग्धांश ९ देतो. म्हणून पीठ, साखर आणि तुपातेलाच्या कोरड्या बिस्किटाचे उत्तर साधारणतः ४ ते ५.५ या दरम्यान येते. तेथे ४८० छापलेले असते, तर ग्रॅममागे ६.४ आले असते. म्हणजे निम्मे बिस्किट तेलाचे असावे लागले असते! असे उत्तर आले, की तो आकडा पुड्याचा नसून १०० ग्रॅमचा आहे, असा संशय घेऊन वेष्टन पुन्हा वाचावे. मोठ्या खोक्यात लहान पुडे असतील, तर ‘संपूर्ण’ म्हणजे खोके की आतील पुडा, हेही याच भागाकारातून उलगडते.

बिस्किटे साच्यातून निघतात. ती सारख्या वजनाची असल्याने नगावर मोजता येतात. केळ्याच्या वेफर्सची गोष्ट वेगळी. केळ्याच्या मध्याची चकती मोठी, टोकाची लहान, काहींचे तुकडे, तळाशी चुरा. तेथे नग मोजून भागाकार केला, तर मोठ्या चकत्या निवडून खाणाऱ्याचा हिशोब नेहमी कमी भरतो. हळद कोणी नगावर विकत नाही. वेफर्सचा हिशोबही वजनावरच करावा लागतो.

त्या घरी १५० ग्रॅमच्या पाकिटावर ७८० कॅलरी छापल्या होत्या. ७८० भागिले १५०, ग्रॅममागे ५.२. सूनबाईंनी स्वयंपाकघरातील काट्यावर एक वेफर ठेवला. काट्याने १ ग्रॅम दाखवला. मग लहानमोठे मिळून २० ठेवले, तर २४ ग्रॅम भरले. म्हणजे सरासरी वजन १.२ ग्रॅम होते, आणि काटा पूर्ण ग्रॅमच दाखवीत असल्याने एकट्या वेफरच्या वजनातील वरचा अंश गळला होता. वीस एकत्र तोलले, की तीच चूक वीस जणांत वाटली जाऊन नगण्य होते. एका वेफरच्या कॅलरी १.२ गुणिले ५.२, म्हणजे सुमारे ६. वाटी मात्र आधी रिकामी तोलावी आणि बारदान वजा करावे, हे व्यापाऱ्याच्या घरी सांगावे लागत नाही.

आता १५० कॅलरींत किती वेफर्स बसतील? १५० भागिले ५.२, म्हणजे जेमतेम २९ ग्रॅम. सूनबाईंनी २८ ग्रॅम तोलून एका ठरावीक वाटीत भरले आणि ते कोठवर येतात, हे पाहून ठेवले. रोज काटा काढण्याची गरज उरली नाही.

हे उत्तर औषधाच्या मात्रेइतके काटेकोर नसते. वेष्टनावरील ऊर्जा सरासरीची असते, भरलेले वजनही थोडे कमीअधिक होते. म्हणून ३६ म्हणजे ‘सुमारे ३५’ असे धरावे. शिवाय चार बिस्किटे आणि २८ ग्रॅम वेफर्स यांच्या कॅलरी जवळपास सारख्या असल्या, तरी त्यांतील साखर सारखी नसते. ज्याला साखर जपायची आहे, त्याने वेष्टनावरील साखर आणि कर्बोदकांचे आकडेही त्याच रीतीने, बिस्किटांसाठी नगाने आणि वेफर्ससाठी वजनाने, भागून घ्यावेत.

डब्याच्या झाकणावर आता एक चिठ्ठी आहे : ‘बिस्किटे ४ किंवा वेफर्स २८ ग्रॅम.’ त्यातील ‘किंवा’खाली अण्णांनी स्वतःच्या हाताने रेघ ओढली आहे.