साखरपाणी पाजण्याआधी एक प्रश्न विचारा

नाशिकमध्ये गेली बावीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. म्हणून औषध सांगणार नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. जिची गोष्ट आहे तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मागच्या श्रावणात तिशीतली एक मुलगी साखरेच्या तपासणीला आली. सहावा महिना संपत आलेला. आपल्याकडे गरोदरपणी जी तपासणी होते तीच, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. रोज दहा-बारा जणी येतात, कुणाला मळमळतं, त्यात नवल नाही.

ही वीस मिनिटांत पांढरी फटक पडली. दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. झोपवलं. तासाभराने जरा बरं वाटलं म्हणाली, पण पावणेदोन तासांनी हात थरथरायला लागले. बोटातून साखर पाहिली तर ४८! तिच्या डॉक्टरांना फोन करून खायला दिलं, सावरली. मग मी विचारलं, काही ऑपरेशन झालंय का गं? म्हणाली, "हो, बायपास." आमच्या शिकाऊ मुलाने घाबरून विचारलं, एवढ्या लहान वयात हार्टचं? हार्टचं नव्हे, पोटाचं. वजन कमी करण्याचं. तेरा महिन्यांपूर्वी.

बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे एवढी साखर एकदम आतड्यात उतरते, शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं, म्हणून आधी घाम आणि धडधड. मग तिला आवरायला इन्सुलिन भसकन सुटतं आणि साखर गरजेपेक्षा खाली जाते. म्हणजे आम्ही निमूट दोन तासांनी रक्त घेतलं असतं तर आकडा कमी आला असता आणि कागदावर 'मधुमेह नाही' असं गेलं असतं. बाईला त्रास, वर रिपोर्ट बिनकामाचा. अशा बाईला ग्लुकोज न पाजता साधारण आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने मोजायला सांगतात. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. तिने तेच केलं. साखर ठीक निघाली.

खरी गडबड रक्ताच्या दुसऱ्या रिपोर्टात होती. हिमोग्लोबिन ९.१, पण पेशींचा सरासरी आकार अगदी नॉर्मल. वरवर पाहणारा म्हणेल, गरोदरपणात थोडं कमी असतंच. पण लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असली की लहान-मोठ्यांची सरासरी बरोबर मधोमध येते. रिपोर्टात आरडीडब्ल्यू नावाची एक ओळ असते, पेशींच्या आकारात किती फरक आहे ते सांगणारी. ती वाढलेली होती. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या. फेरिटिन, म्हणजे साठवलेलं लोह, ८. बी-१२ १४०. दोन्ही तळाला.

ती सरकारी लोहाची गोळी नियमित घेत होती, हे महत्त्वाचं. त्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पण लोह शोषलं जातं आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि बायपासमध्ये अन्न नेमकं तोच भाग टाळून जातं. त्यात ती लोहाची आणि कॅल्शियमची गोळी जेवणानंतर एकदमच घ्यायची, "विसरायला नको म्हणून". कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही, दोन्हींत निदान दोन तास हवेत. फॉलिक ॲसिडची वेगळीच गंमत. बी-१२ कमी असताना ते रक्ताचं चित्र थोडं सुधारतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. तिला पायात मुंग्या यायच्या. सासूबाई म्हणायच्या, पोट वाढलं की येतात.

आपल्या बायकांचं बी-१२ मुळातच कमी असतं. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं, फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांचं व्यवस्थित. त्यांचं कुठलंही ऑपरेशन झालेलं नव्हतं. ज्या घरात अंडंही चालत नाही तिथली मुलगी ऑपरेशनला जाते तेव्हा तिची बरणी आधीच अर्धी असते.

आता मुख्य मुद्दा, कारण माझा राग तिथे आहे. ऑपरेशननंतर मूल होऊ देण्याआधी १२ ते १८ महिने थांबा असं जगभरातले डॉक्टर सांगतात. त्या काळात वजन झपाट्याने उतरत असतं, खाणं वाटीभर, शरीर स्वतःचाच साठा मोडून खात असतं. त्यात बाळ आलं तर त्याला द्यायचं कुठून? बाळ लहान राहण्याची भीती असते. हिला दिवस राहिले तेव्हा साडेसात महिनेच झाले होते. ११२ वरून ८४ वर आली होती आणि काटा अजून खालीच चालला होता.

ती म्हणाली, "मावशी, सहा वर्षं पीसीओडी म्हणून मूल होत नव्हतं. मला वाटलं आपल्याला कसली काळजी!" पण वजन उतरलं की पाळी सुरळीत होते, बीज तयार व्हायला लागतं, आणि हे काही महिन्यांतच होऊ शकतं. तिला प्रोटीन पावडरचा डबा दिला, डाएटचा तक्ता दिला. काळजी घ्या, आणि गोळ्यांवर अवलंबून राहू नका कारण बायपासनंतर त्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते, तांबी किंवा दुसरं काही विचारा, हे वाक्य कुणी बोललं नाही. आणि घरी? ऑपरेशनचा टाका सुकायच्या आत "आता गोड बातमी कधी" सुरू.

छत्तीस-सदतीसच्या बाईला दीड वर्ष थांब म्हणणं सोपं नाही, तेही मला कळतं. तिथे डॉक्टरांशी बसून हिशेब मांडावा लागतो. आणि आधीच दिवस गेले असतील तर घाबरून काही करू नका. तपासण्या दर तीन महिन्यांनी वाढवा, सोनोग्राफीत बाळाची वाढ बघा.

एक गोष्ट मात्र गावाकडच्यांनी लक्षात ठेवा. उलट्या थांबत नसल्या तर "एक सलाईन लावून ये" म्हणू नका. शरीरातला बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून बी-१ चं इंजेक्शन आधी. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, यातलं काहीही दिसलं की मोठं हॉस्पिटल. बायपासवालीच्या पोटात जोराची कळ आली तरी तेच. ती ॲसिडिटी नसून आतडं अडकलेलं असू शकतं.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. ऑपरेशन करणाऱ्यांनी डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात, अमुक तारखेपर्यंत गर्भधारणा नको असं लिहावं. आणि गरोदरपणाची नोंदणी करताना प्रत्येकीला विचारावं, वजनाचं ऑपरेशन झालंय का? "काही ऑपरेशन?" एवढं विचारून चालत नाही. हिने फॉर्मवर 'पोटाचं' असं लिहिलं होतं, सगळ्यांना अपेंडिक्स वाटलं. काही जणी तर सासरी कळू नये म्हणून लिहीतच नाहीत, म्हणून सासूला बाहेर बसवून विचारा.

तिला बी-१२ ची इंजेक्शनं आणि शिरेतून लोह मिळालं. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, २ किलो ४०० ग्रॅमची. परवा बाळाचं रक्त द्यायला आली होती. स्वतःच्या फाईलवर तिने मार्करने लिहून घेतलंय: 'पोटाचं बायपास. ग्लुकोज पाजू नये.'