इंटरनेट नसताना ठिकाण कसे कळवावे?

देगलूर परिसरातील एखाद्या आखाड्यावर आजोबांच्या छातीत कळ आली आहे, असे समजा. १०८ क्रमांकावर फोन लागतो; पण 'ओढ्यापलीकडे, लिंबाच्या झाडाजवळ' एवढ्या पत्त्यावरून रुग्णवाहिका पोहोचणार कशी? इंटरनेट नसल्याने व्हॉट्सअॅपवरून ठिकाणही पाठवता येत नाही. अशा वेळी साधा एसएमएस उपयोगी पडतो.

मोबाइल आपले स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून काढतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. 'लोकेशन' मात्र सुरू हवे. इंटरनेटचे साहाय्य नसले की स्थान सापडण्यास काही मिनिटे लागू शकतात. म्हणून पत्र्याच्या छपराखालून बाहेर, मोकळ्या आकाशाखाली यावे. रुग्णाला मात्र चालवू नये. दुसऱ्याने बाहेर जावे.

गूगल मॅप्स उघडावे. नकाशा कोरा दिसला तरी निळा ठिपका दिसतो. ठिपका करडा असेल तर ते जुने स्थान समजावे. भोवतीचे फिकट वर्तुळ मोठे असेल तर थोडे थांबावे. ते आक्रसले की नकाशा मोठा करून ठिपक्यावर बोट दाबून धरावे. वरच्या शोधपट्टीत किंवा खालच्या माहितीत दोन आकडे दिसतील. ते इंग्रजी अंकांतच एसएमएसमध्ये लिहावेत. उदाहरणार्थ:

```
छातीत दुखते, आखाडा, देगलूर 18.5312,77.6124
```

दशांश चिन्हापुढील चार अंक जरूर लिहावेत. चार अंकांनी जागा सुमारे ११ मीटरपर्यंत निश्चित होते. दोनच लिहिल्यास एक किलोमीटरपर्यंत चूक होऊ शकते. क्रमही महत्त्वाचा आहे. आपल्या भागात पहिला आकडा १८ च्या आसपास, दुसरा ७७ च्या आसपास असतो. उलट लिहिल्यास नकाशा उत्तर ध्रुवाजवळचा बर्फाळ प्रदेश दाखवील! मराठी अक्षरे असलेल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात, म्हणून मजकूर आटोपशीर ठेवावा.

हा संदेश गावातील, इंटरनेट असलेल्या मुलाला किंवा शेजाऱ्याला पाठवावा. त्याने ते दोन आकडे मॅप्सच्या शोधपट्टीत टाकले की तुमची जागा दिसेल. मग तो रुग्णवाहिकेला वाट दाखवू शकेल. मात्र एसएमएस लिहिण्यात वेळ दवडू नये. आधी १०८ ला फोन करून जिल्हा, तालुका, गाव आणि लक्षणे सांगावीत. विचारल्यास हेच आकडे एकेक करून वाचावेत.

या उपायाला मर्यादा आहे. टॉवरचा संकेतच नसेल किंवा रिचार्ज संपला असेल, तर एसएमएस जाणार नाही. म्हणून निवांतपणी आपल्या घराचे व आखाड्याचे आकडे काढून कागदावर लिहावेत, मुलाकडे पाठवून नकाशावर पडताळावेत आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवावा. मग आणीबाणीत नुसत्या साध्या फोनवरूनही ते वाचून सांगता येतील.