आपलं झाकलं की दुसऱ्याचंही दिसत नाही

"मॅडम, काल रात्री पावणेबाराला ऑनलाइन होतात. मग शीट का नाही भरली?"

आमच्या साहेबांनी हा प्रश्न सकाळच्या मीटिंगमध्ये, आठ माणसांसमोर विचारला. त्या वेळी मी बहिणीशी बोलत होते, भाच्याला ताप होता. पण हे तिथे सांगायचं कशाला? रात्री पावणेबाराला मी कुणाशी बोलते याचा जबाब मी का द्यावा? मी काहीच बोलले नाही. घरी आले आणि फोनची प्रायव्हसी सेटिंग्ज उघडली. लास्ट सीन 'नोबडी', ऑनलाइन 'सेम ॲज लास्ट सीन', रीड रिसीट्स बंद. तीन टिचक्यांत काम झालं. त्या रात्री झोप छान लागली.

त्या तीन टिचक्यांचं बिल चार महिन्यांनी आलं, आणि ते साहेबांच्या नव्हे, माझ्या आईच्या नावावर निघालं.

आई गावी एकटी असते. एका सकाळी साडेसातला तिला मेसेज टाकला, नऊपर्यंत उत्तर नाही. तीन फोन केले, तेही वाजून वाजून बंद झाले. मेसेजपुढे दोन करड्या टिका होत्या. मी त्या दोन टिकांकडे बघत बसले आणि तेव्हा पहिल्यांदा विचार केला, की यातून मला नेमकं कळतंय काय?

कळतं ते एवढंच. एक टिक म्हणजे मेसेज माझ्याकडून निघाला. दुसरी टिक म्हणजे तो तिच्या फोनपर्यंत पोचला. म्हणजे फोन चालू आहे आणि त्याला इंटरनेट आहे. फोन हातात आहे, की देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावलाय, हे ती टिक सांगत नाही. फोनची तब्येत कळते, आईची कळत नाही.

टिक निळी होते ती मेसेज असलेलं संभाषण उघडल्यावर. पण वरून सरकणाऱ्या नोटिफिकेशनमध्येच मेसेज वाचून टाकला तर टिक करडीच राहते. म्हणजे करडी टिक 'वाचलं नाही' असं म्हणत नाही आणि निळी टिक 'समजलं' असं म्हणत नाही. 'ऑनलाइन' म्हणजे त्या क्षणी ॲप समोर उघडं आहे. कुणाशी बोलणं चाललंय, काही चाललंय का, ते त्यात नाही. आणि 'लास्ट सीन' म्हणजे ॲप शेवटचं कधी उघडं होतं ती वेळ. तीन वेगळ्या प्रश्नांची ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. आपण मात्र त्यांची मोट बांधून एकच निकाल काढतो: 'दिसतंय की सगळं, मुद्दाम उत्तर देत नाही.'

त्या सकाळी मला हवी होती ती लास्ट सीनची वेळ. आई पहाटे उठते, चहा करते आणि बायकांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सुप्रभात टाकते. आज सहा-साडेसहाची वेळ दिसली असती तर अर्धी भीती तिथेच गेली असती. पण तिच्या नावाखालची जागा रिकामी होती. तिने काही लपवलं नव्हतं. मी लपवलं होतं. नियमच तसा आहे: तुम्ही आपला लास्ट सीन आणि ऑनलाइन कुणालाच दाखवला नाहीत, तर तुम्हालाही कुणाचाच दिसत नाही. रीड रिसीट्स बंद केल्या की दुसऱ्याच्या निळ्या टिकाही जातात.

घाईघाईने लास्ट सीन पुन्हा उघडा केला. तिची वेळ दिसली: सकाळी ६:१०. जीव जरासा खाली बसला, पण जरासाच. सहा-दहाला माणूस फोन बघत होतं, एवढंच त्याने कळलं. सहा-अकराला मोरीत पाय घसरला असेल तर? शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. आई गिरणीत होती. लाइट गेल्यामुळे दळण रखडलं होतं, आणि फोन घरी.

दुपारी आईचा फोन आला. मी चिडले होते, ती शांत होती. म्हणाली, "अगं, तुझंही हल्ली दिसत नाही. आधी रात्री बघायचे, साडेनऊ-दहाची वेळ दिसली की वाटायचं पोचली घरी. मग एक दिवस ते जायचंच बंद झालं. मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं." थोडं थांबून म्हणाली, "आणि माझं स्टेटसही बघत नाहीस."

मी तिचं स्टेटस रोज बघते. कधी दारचा प्राजक्त, कधी एकादशीचा विठ्ठल. पण रीड रिसीट्स बंद केल्या की आपण कुणाचं स्टेटस पाहिल्याचंही त्याला कळत नाही, आणि आपलं कुणी पाहिलं ते आपल्याला कळत नाही. बघणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव चार महिन्यांपूर्वीच गेलं होतं. तिने ते बघितलं होतं आणि चार महिने काही बोलली नव्हती.

आता माझं भांडण मांडते.

या नियमाची बाजू घेणारे म्हणतात, यात चूक काय? स्वतः पडद्याआड बसून दुसऱ्याला न्याहाळायचं का? देशील तेवढं घे. मला हे मान्य आहे. दोन माणसांमध्ये हा नियम रास्तच आहे. मी साहेबांना माझी वेळ दाखवणार नसेन तर त्यांची मला दिसू नये, आणि देवा शपथ, मला ती बघायचीही नाही. पण 'नोबडी'वर बोट ठेवलं की हा व्यवहार दोघांत राहत नाही. मी लपले एका माणसापासून आणि दंड भरला फोनमधल्या प्रत्येक नात्यात. शिवाय ज्याच्यापासून लपायचं त्याला ही किंमत जाणवतच नाही. साहेबांना माझा लास्ट सीन हवा असतो तो हिशेब मागायला, आईला हवा असतो तो दिवा मालवून झोपायला. दोघांना एकाच तागडीत घालणं म्हणजे समानता, असं मी मानत नाही.

आणि हे सुधारता येतं, याचा पुरावा त्याच सेटिंग्जमध्ये आहे. लास्ट सीनला 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' असा पर्याय आहे. त्यात साहेबांचं नाव टाकलं की त्यांना माझी वेळ दिसत नाही, मला त्यांची दिसत नाही, आणि आई जागच्या जागी राहते. ऑनलाइन 'सेम ॲज लास्ट सीन'वर असलं की तेही त्याच यादीप्रमाणे चालतं. त्या रात्री रागाच्या भरात मी एक ओळ वर वाचलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. ती चूक माझी, ती मी पदरात घेते.

पण रीड रिसीट्सचं काय? तिथे 'एक्सेप्ट' नाही. एकच बटण: सगळ्यांसाठी चालू, नाहीतर सगळ्यांसाठी बंद. वर त्याच बटणाला स्टेटस बांधून ठेवलेलं. साहेबांना निळी टिक नाकारायची तर आईच्या प्राजक्तालाही पाठ दाखवायची. लास्ट सीनला जी यादी देता आली ती टिकांना का देता येऊ नये?

याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. ही किंमत मोजून माल मिळालाच नव्हता. ग्रुपमध्ये रीड रिसीट्स बंद होतच नाहीत. बटण बंद असो वा चालू, ग्रुपवरचा मेसेज तुम्ही उघडलात की पाठवणाऱ्याला कळतं. त्याने आपल्या मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचलं आणि कुणापर्यंत नुसतं पोचलं, अशी नाववार यादी समोर येते. आणि साहेब कामं कुठे सांगतात? ग्रुपवरच! म्हणजे ज्या खोलीत पडद्याची खरी गरज, तिथे पडदा लागतच नाही. तो लागतो तो आई, बहीण आणि मैत्रिणींच्या खोल्यांना.

यावर कुणी म्हणेल, तुझ्या साहेबांना समज दे, ॲपशी का भांडतेस? दोघांशी भांडायचं आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे एका क्रेडिट कार्ड कंपनीचं प्रकरण आलं होतं. नोटीस टाळणाऱ्या माणसाला ती व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवली होती. मेसेज नुसता पोचला नाही तर जोडलेली फाइल उघडलीही गेली, हे चिन्हांवरून दिसतं, म्हणून नोटीस बजावली गेली असं न्यायालयाने मानलं. यातली मर्यादा बघण्यासारखी आहे. प्रश्न होता, कागद पोचला का आणि उघडला का. त्या माणसाच्या मनात काय होतं, ते टिकांवरून कुणी ठरवलं नाही. न्यायालयाने टिकांवरून जेवढं काढलं त्याहून कितीतरी जास्त आमचे साहेब रोज सकाळी काढतात. 'ऑनलाइन होतात' वरून 'रिकाम्या होतात', त्यावरून 'टाळलंत', आणि त्यावरून 'कामात लक्ष नाही'. चार पायऱ्या, आणि पुरावा फक्त पहिलीला.

खरं सांगायचं तर मीही हेच केलंय. मैत्रिणीची निळी टिक बघून दोन दिवस फुगून बसलेय. साहेबांकडे अधिकार आहे, माझ्याकडे नाही, म्हणून माझं फुगणं कुणाला महाग पडत नाही, एवढाच फरक.

मी रीड रिसीट्स पुन्हा चालू केल्या. साहेब 'एक्सेप्ट'मध्ये. ऑफिसचा ग्रुप रात्री नऊनंतर उघडत नाही. नोटिफिकेशनमध्ये दिसतं तेवढं वाचते, त्याने टिक निळी होत नाही. आणि आईला आता लिहीत नाही, बोलून पाठवते. आवाजी मेसेज ऐकला की त्यावरचं माइकचं चिन्ह निळं होतं, आणि रीड रिसीट्स बंद असल्या तरी ते थांबत नाही. आईने चुकून कुठलंही बटण दाबलं तरी तिने माझा आवाज ऐकल्याचं मला कळेल.

काल रात्री मात्र तिनेच फोन केला. म्हटलं, काय गं, वेळ दिसली नाही का माझी? म्हणाली, "दिसली की. दहा वाजून पाच मिनिटं. पण जेवलीस का, ते कुठे दिसतं त्यात?"