‘जरा प्रोफेशनल करा’

मजकूर परत येतो आणि सोबत एवढेच वाक्य येते. अनुवादक असो, संपादक असो वा जाहिरातलेखक, ही सूचना ऐकली की आपला हात आधी शब्दांकडे जातो. ‘लाइट’चा ‘विद्युतपुरवठा’ होतो, ‘बिघडलं’चे ‘नादुरुस्त झाले’ होते आणि बिल लावून आपण मोकळे होतो. पण दुखणे शब्दांत होते, सुरात होते की मांडणीत, हे तपासायचे राहूनच जाते.

पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदाराने विक्रेत्यासाठी लिहिलेले पत्र आमच्याकडे आले होते. 60 पंपांची मागणी होती आणि माल वेळेवर जाणार नव्हता. पत्र असे: ‘मागच्या आठवड्यात लाइट नव्हती, त्यात मशीन बिघडलं, एक कारागीर पण सुट्टीवर गेला, त्यामुळे माल जरा लेट होईल असं वाटतंय. 40 पाठवतो, बाकीचे बघतो. प्लीज समजून घ्या.’

आमच्या एका सहकाऱ्याने ते असे ‘सुधारले’: ‘विद्युतपुरवठा खंडित झाल्याने व यंत्र नादुरुस्त झाल्याने आपल्या मालास विलंब होण्याची शक्यता आहे. याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.’ दिसायला भारदस्त, पण मुळातले 40 पंपसुद्धा यातून गळाले. मूळ पत्रात निदान एक माणूस तरी बोलत होता.

मग आम्ही उलटा प्रयोग केला. शब्द शक्यतो त्याचेच ठेवले आणि फक्त क्रम बदलला. त्यासाठी आधी कारखान्यात फोन करावा लागला, कारण तारीख पत्रात नव्हतीच, आणि नसलेली तारीख कोणत्याही संपादनाने येत नाही. ‘तुमच्या 60 पंपांपैकी 40 सोमवारी निघतील, उरलेले 20 पुढच्या शुक्रवारी. मशीन बिघडल्यामुळे उशीर झाला. या तारखा चालणार नसतील तर उद्यापर्यंत कळवा.’ यात एकही जड शब्द नाही, तरी पत्र धंद्याचे वाटते.

निदानाची आमची रीत साधी आहे. मजकूर ज्याला जाणार आहे त्याच्यासारख्या एखाद्याला तो एकदाच वाचायला द्यावा, कागद काढून घ्यावा आणि विचारावे, ‘आता तुम्ही काय कराल?’ उत्तर देताना तो अडखळला तर गडबड मांडणीत आहे. उत्तर बरोबर आले, पण ‘माणूस घाबरलेला दिसतोय’ किंवा ‘जरा गुर्मीत आहे’ अशी पुस्ती जोडली, तर सूर बिघडला आहे. सूर शोधायचा तो क्रियापदांत. ‘बघतो’, ‘होईल असं वाटतंय’ यांत हात झटकणे आहे. ‘करण्यात येईल’मध्येही तेच आहे, फक्त इस्त्री केलेले. आणि आशय व सूर दोन्ही पोचले, पण वाचताना तो दोन-चार शब्दांपाशीच थबकला, तरच दोष शब्दांचा. मग तेवढेच शब्द बदलावेत. पंपांच्या पत्रातून फक्त ‘लेट’ आणि ‘प्लीज’ निघाले. ‘मशीन’ मात्र राहिले. कारखान्यात त्याला ‘यंत्र’ कोण म्हणते?

मराठीत आणखी एक जागा आहे, ती शब्दांत धरावी की सुरात, यावर आमच्याच कचेरीत वाद होतो. ‘मशीन बिघडलं’ आणि ‘मशीन बिघडले’ यांत शब्द तोच आहे, पण बोलीतले रूप लेखी झाले की पत्राचा पेहराव बदलतो. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालेल, एरवी ‘असे केले’ लिहावे, असा भेद केलेला आहेच. पुष्कळदा ग्राहकाला खटकलेले असते ते एवढेच, पण त्याला ते नेमके सांगता येत नाही. त्याहून वाईट दिसते ती सरमिसळ: एका ओळीत ‘आमचं’, दुसरीत ‘आपले’, तिसरीत ‘तुमचे’. काम हाती घेतल्यावर आधी हे एकसारखे करून ग्राहकाला दाखवावे. पाच मिनिटांचे काम असते आणि कधी कधी तिथेच समाधान होते.

एका वेळी एकच थर हलवावा, असा आमचा आग्रह यासाठीच. शब्द, सूर आणि मांडणी तिन्ही एकदम बदलले की ग्राहक ‘हां, आता बरे झाले’ म्हणतो, पण कशामुळे ते ना त्याला कळते ना आपल्याला, आणि पुढच्या महिन्यात तीच सूचना पुन्हा येते. ‘तुम्हाला कसे हवे?’ या प्रश्नालाही फारसे उत्तर मिळत नाही. ‘यातली कोणती ओळ पाठवायला तुम्हाला संकोच वाटतो?’ असे विचारले की बोट नेमके पडते.

पंपवाल्यांनाही तेच विचारले. त्यांनी आमचा नवा मसुदा दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘सगळं ठीक आहे, पण ते “समजून घ्या” परत घाला. बारा वर्षांचं गिऱ्हाईक आहे.’ आम्ही ते सुराचा दोष म्हणून काढले होते. ‘प्लीज’ न लावता परत घातले.