खिम्याचा रस्सा कुणी केला?

रविवारी रूमवर खिमा-पावचा बेत ठरतो, चौघं वर्गणी काढतात आणि तासाभराने पाव रश्शात बुडवून खाल्ले जातात. गंगापूर रोडवरच्या आमच्या रूमवर हे दोनदा झालंय. दोष मसाल्याचा नव्हता, क्रमाचा होता. म्हणून माझं स्पष्ट मत: कांदा-टोमॅटोवर कच्चा खिमा टाकायची आपली सवय रूमवरच्या छोट्या कढईत चालत नाही. खिमा आधी, एकटा भाजायचा.

कारण साधं आहे. मांसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि मशीनमधून काढल्यावर ते पटकन सुटतं. कढईत पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि ब्राऊन रंग, तो खमंग वास त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर येतो. म्हणजे पाण्यात खिमा फक्त उकडतो, करडा पडतो. त्यात टोमॅटो आणि मीठ घातलं की अजून पाणी!

सुरुवात दुकानातच होते. मटणवाल्याला सांगा, 'दादा, आधी तुकडे धुवा, मग खिमा काढा.' घरी येऊन खिमा धुतला तर तो स्पंजसारखा पाणी धरतो. धुतलाच असेल, तर बारीक चाळणीत पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या आणि हाताने दाबा.

आता अर्धा किलो मटण खिमा घ्या. लोखंडी कढई चांगली तापवा, दोन चमचे तेल घाला आणि निम्माच खिमा पसरा. मीठ नाही, झाकण नाही, गॅस मोठा. दोन-तीन मिनिटं हात लावू नका (हेच सगळ्यात अवघड). मग उलथन्याने गोळे फोडा. आधी रटरट असा उकळल्याचा आवाज येईल. पाणी आटलं की तो बदलून चरचर होतो, कडेला तेल दिसतं. खरं भाजणं तिथून सुरू होतं, आणि आम्ही नेमके तिथेच गॅस बंद करायचो! अजून चार-पाच मिनिटं द्या. काढून ठेवा, उरलेला तसाच भाजा.

त्याच कढईत कांदा लाल करा, आलं-लसूण, मग टोमॅटो तेल सुटेपर्यंत. मसाला, मीठ आणि खिमा आता. मटण शिजायला वेळ लागतो, म्हणून अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा, मंद गॅसवर पंचवीस-तीस मिनिटं. मध्ये तळ बघत राहा. कुकर लावलात तर पाणी त्याहून कमी. नंतर झाकण काढून आटवावं लागेलच.

चिकनचं गणित वेगळं. त्यात चरबी कमी, जास्त भाजलं की भुसा होतो. पाणी आटून कडा जरा लाल झाल्या की थांबा, मसाल्यात आठ-दहा मिनिटं पुरे. फक्त आत गुलाबी राहिलं नाही ना, ते मोठा गोळा फोडून बघा. आणि वाटाणे घालायचेच असतील तर शेवटी, निथळून. फ्रोझन पाकीट थेट ओतलं की पुन्हा रस्सा.