‘पार्टी कधी?’च्या पुढे

लिंक्डइन उघडलं की कुणाच्या ना कुणाच्या प्रमोशनची बातमी दिसतेच. खाली रेडीमेड ‘काँग्रॅट्स’ असतंच, आपण ते टिचकीसरशी पाठवतो. समोरून ‘थँक्यू’ येतं आणि विषय संपतो. संपणारच, कारण त्यावर बोलण्यासारखं काही नसतंच. व्हॉट्सअॅपवरचं ‘पार्टी कधी?’ही त्यातलंच.

मग करायचं काय? फंडा सोपा आहे. प्रमोशनने त्या माणसाच्या दिवसात नेमकं काय बदललं, हे एक मिनिट डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याबद्दलच विचारायचं.

समजा, कॉलेजातली तुमची एक ओळखीची. सिंधुदुर्गातल्या नांदगावची. सरकारी बँकेच्या कणकवली शाखेत क्लार्क होती, घरून येऊन-जाऊन नोकरी करायची. आता ऑफिसर झाली आणि पोस्टिंग मिळालं यवतमाळला. सरकारी बँकेत ऑफिसर झालं की बदली देशात कुठेही होऊ शकते. म्हणूनच काही क्लार्क बढती नाकारतातसुद्धा. म्हणजे तिने फक्त परीक्षा पास केलेली नाही, घर सोडायचं की नाही हेही ठरवलंय.

कामही उलटं झालंय. काल ती व्यवहाराची एन्ट्री करायची आणि ऑफिसर ती तपासून पास करायचा. आज तपासणारी तीच. चूक सुटली तर जाब तिलाच!

आता मेसेज असा जाऊ दे: ‘अगं, मनापासून अभिनंदन! काल काउंटरवर होतीस, आज दुसऱ्यांच्या एन्ट्र्या पास करतेयस. पहिल्या आठवड्यात कशाची जास्त धाकधूक वाटली?’

प्रश्न एकच आहे आणि उत्तर दोन ओळींत देता येतं. शिवाय ते फक्त तीच देऊ शकते. ‘कसं वाटतंय?’ विचारलंत तर ‘मस्त’ एवढंच येईल.

यवतमाळबद्दल मात्र ‘बापरे, एवढ्या लांब?’ नको. कदाचित तिला घराबाहेर पडायचंच असेल. तिने स्वतः विषय काढला, तर खुशाल विचारा. तेही पर्सनल मेसेजमध्ये. पोस्टखालची कॉमेंट तिचे साहेबही वाचतात, तिथे ती मोकळेपणाने काय बोलणार?

उत्तरात एखादा किस्सा आला, किंवा ‘तुझं काय चाललंय?’ असा उलट प्रश्न आला, तर गाडी रुळावर आहे असं समजा. मग तिच्या किश्शातलाच धागा पकडून पुढे बोला. नुसता हात जोडलेला स्मायली आला तर तिथेच थांबा. नवीन खुर्चीत पहिले काही आठवडे कुणालाच फुरसत नसते. त्यावर आणखी दोन प्रश्न पाठवणं म्हणजे छळच.

आणि हो, ‘अभिनंदन, जरा भावाच्या लोनचं बघशील का?’ हे त्याच मेसेजमध्ये कधीच नाही. ते वाचलं की आधीचं कौतुक कशासाठी होतं, हे तिला लगेच कळतं.