चाटण वर्षभर थांबू शकतं

तान्ह्या बाळाला घेऊन आई मंडळाच्या कार्यक्रमाला आली की सल्ले सुरू होतात. पोट दुखतंय? ग्राइप वॉटर दे. खोकला आहे? मधाचं बोट चाटव. डॉक्टर मधाला नाही म्हणाले, असं तिनं चाचरत सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘इथले डॉक्टर कशालाही नाहीच म्हणतात, आम्ही नाही का वाढलो?’ माझा राग ग्राइप वॉटरवर फारसा नाही. तो आहे या मधाच्या बोटावर. बाकी बरेचसे सल्ले निरुपयोगी ठरले तरी निभावून जातं, पण एक वर्षाखालच्या बाळाला दिलेला मध कधी कधी निभावत नाही.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते मातीत आणि धुळीत असतात, तिथूनच मधात येतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ही वस्ती अजून बसलेली नसते, म्हणून बीजाणू तिथे उगवतात आणि विष तयार करतात. हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. सुरुवात अगदी साधी दिसते. चार महिन्यांचं बाळ तीन-चार दिवस शी करत नाही आणि घरात गुटीचा एखादा वेढा वाढवला जातो. मग ते दूध ओढताना दमतं, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान पुन्हा कलू लागते. ताप बहुधा नसतो, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. पुढची पायरी श्वासाच्या स्नायूंची, आणि तिथे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं यंत्र लागतं.

‘आमचा मध गावाकडचा, शुद्ध आहे’ या म्हणण्यात इथे काही अर्थ नाही, कारण ही भेसळ नव्हे. शुद्धात शुद्ध मधातही बीजाणू असू शकतात. उकळूनही ते मरत नाहीत. त्याला दाबाखालची १२१ अंश सेल्सियसची उष्णता लागते, आणि तेवढी दिल्यावर मधाचा मध राहणार नाही. ‘आम्ही वाढलो’ हा मुद्दा मात्र टाकाऊ नाही. प्रत्येक बाटलीत बीजाणू नसतात आणि आजार दुर्मीळच आहे, म्हणून जातकर्मात मध-तूप चाटलेली बहुतेक बाळं ठणठणीत वाढली. पण ज्यांचं बिघडलं ती बाळं या गप्पांत साक्ष द्यायला नसतात. शिवाय हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला तोच १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियात. बाळाच्या शीमध्ये विष शोधण्याची खास तपासणी झाल्याशिवाय तो पक्का होत नाही, त्याआधी त्याला दुसरंच नाव मिळत असणार. आणि हा केवळ आपला प्रश्न नाही. २०१८ मध्ये टेक्सासमध्ये चार बाळं आजारी पडली ती मेक्सिकोहून आणलेल्या, मध भरलेल्या चोखण्यांमुळे.

वर्ष उलटलं की हाच मध खोकल्यावर खुशाल द्यावा. झोपण्यापूर्वी अर्धा-एक चमचा दिल्यानं रात्रीचा खोकला कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि दुकानातल्या खोकल्याच्या औषधांपेक्षा लहान मुलांना तो बरा. म्हणजे डॉक्टरांचं भांडण मधाशी नाही, वयाशी आहे.

आता पोटदुखीचं. सायमेथिकोनचे थेंब पोटातले बुडबुडे फोडतात, रक्तात जात नाहीत, सांगितलेल्या मात्रेत सहसा अपायही करत नाहीत. पण १९९४ च्या एका चाचणीत ते नुसत्या खोट्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. ग्राइप वॉटर एकोणिसाव्या शतकातलं, नॉटिंगहॅमच्या वुडवर्डचं. त्यात पूर्वी चक्क अल्कोहोल असायचं. आजच्या बाटल्यांत काय आहे ते प्रत्येकीचं लेबल वाचूनच कळेल. मग गुण का येतो? हे रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. उतरणीला जे दिलं, त्याला श्रेय मिळतं. मात्र हिरवी उलटी किंवा तीन महिन्यांखाली ३८ अंश ताप असेल तर ही पोटदुखी समजू नका. गुटीतल्या जायफळ-वेखंडाविषयीही लिहायला हवं, पण ते पुन्हा कधी.

हे आज्यांना उपदेश करण्यासारखं झालं, याची मला कल्पना आहे. सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन रात्रभर नातवंडाला खांद्यावर घेणाऱ्या बाईला मी शिकवावं असं फार थोडं आहे. माझं मागणं एवढंच आहे की सोन्याच्या अंगठीनं चाटण द्यायचंच असेल तर ते पहिल्या वाढदिवसाला द्या. आणि कुणी आधीच दिलं असेल, बाळ मलूल वाटत असेल, दूध ओढत नसेल, तर तडक इस्पितळ गाठा आणि ‘मध दिला होता’ हे न लाजता पहिल्याच वाक्यात सांगा. या आजारावर विषाचा उतारा उपलब्ध आहे आणि तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता तो द्यायचा असतो.